सोळा महिने, दोन सारखे फोन: बॅटरीची नोंदवही

जानेवारी 2024 मध्ये मी आणि माझ्या चुलतभावाने एकाच दिवशी, एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे फोन घेतले. बॅटरी 5000 mAh. माझा फोन दिवसभर डिचोलीत, ऑफिसच्या टेबलावर पंख्याखाली असतो. भाऊ म्हापसा-पणजी पट्ट्यात स्कूटरवरून घरपोच सामान पोचवतो, त्यामुळे त्याचा फोन हँडलच्या स्टँडवर, उन्हात, नकाशा चालू आणि स्कूटरच्या चार्जरला जोडलेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही फोन तासभर घरात थंड होऊ देतो, लेव्हल 80 च्या आसपास आणतो आणि यूएसबी डीबगिंग चालू करून, फोन संगणकाला जोडून संगणकावर हे टाकतो:

```
adb shell dumpsys battery
```

`Charge counter` म्हणजे बॅटरीत त्या क्षणी असलेला चार्ज, तो मायक्रोअँपिअर-तासांत असतो आणि `temperature` अंशाच्या दहाव्या भागात. शेवटच्या नोंदीत माझ्याकडे `level: 80` आणि `Charge counter: 3680000` आलं. म्हणजे 3680 भागिले 0.8, बॅटरीत उरली 4600 mAh. मूळ क्षमतेतून 8 टक्के गेले. लेव्हल कमी असताना हा भागाकार करू नका, तिथे एका टक्क्याची चूक फार मोठी होऊन येते. एकच नोंदही धरू नका, मी तीन नोंदींची सरासरी घेतो.

नवव्या महिन्यात माझे 6 टक्के गेले होते, भावाचे 12. त्याच सुमारास एका दुपारी तो घरी आला तेव्हा स्टँडवरून फोन काढून लगेच संगणकाची केबल लावली. `temperature: 463`, म्हणजे 46.3 अंश, आणि लेव्हल 98. दिवसभर स्कूटरच्या चार्जरची केबल जोडलेली, त्यामुळे तो बहुतेक वेळ असाच भरलेला आणि तापलेला राहत होता. बॅटरीसाठी हीच जोडी सगळ्यात वाईट. बॅटरीच्या आत ग्राफाइटच्या बाजूला इलेक्ट्रोलाइट या द्रवाशी प्रक्रिया होऊन एक पातळ थर साचत जातो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. बॅटरी जितकी भरलेली तितकं व्होल्टेज जास्त, आणि व्होल्टेज जास्त तसा तो थर लवकर वाढतो, उष्णतेत आणखी लवकर.

म्हणून आम्ही तीनच गोष्टी बदलल्या. स्कूटरवरची केबल लेव्हल 30 च्या खाली गेली तरच लावायची आणि 70 ला काढायची. फोन स्टँडऐवजी समोरच्या कप्प्यात सावलीत, रस्ता बघायचा तो थांबून. रात्री चार्जिंगला 80 ची मर्यादा. "दादा, एवढ्याने काय होणार?" असं तो म्हणाला, पण पाळलं मात्र नेटाने.

सोळाव्या महिन्यात त्याची घट 14 टक्के भरली. नऊ महिन्यांत 12 आणि पुढच्या सात महिन्यांत फक्त 2! मी आनंदाने लिहायला बसलोच होतो, पण आधी माझ्या फोनची रेघ काढून बघितली आणि थांबलो. माझ्या सवयी बदलल्या नव्हत्या, तरी माझाही वेग उतरला होता: आधी 6, नंतर 2.

कारण तो थर जाड होतो तसा स्वतःच पुढची वाढ अडवतो. घट साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालते. 9 चं वर्गमूळ 3, 16 चं 4. म्हणजे काही न करता माझे 6 चे 8 होणारच होते आणि झाले. त्याच हिशेबाने भावाचे 12 चे 16 झाले असते, झाले 14. आमच्या बदलाचं श्रेय आधीचाच वेग धरून दिसणाऱ्या सातेक टक्क्यांचं नाही, 2 टक्क्यांचं. त्यातही मोजणीची चूक एखाद-दुसऱ्या टक्क्याची. दिशा बरोबर वाटते, पण "सवय बदलली आणि घट थांबली" म्हणणाऱ्या बहुतेक नोंदी हा उतार विसरतात, हे मला आता पक्कं दिसतं.

80 ची मर्यादा लावणाऱ्यांनी आणखी एक जपावं. फोन कधीच पूर्ण भरला नाही की आतला मोजक भरकटतो. डिसेंबरमध्ये माझी क्षमता अचानक 3 टक्क्यांनी घसरलेली दिसली. एकदा जवळपास रिकामा करून 100 पर्यंत भरला तेव्हा आकडा परत आला. हे महिना-दोन महिन्यांतून एकदा पुरे, बॅटरीसाठी नव्हे तर मोजकासाठी. पावसात वीज जायची चिन्हं असली तर मी बिनधास्त 100 भरतो. भरून लगेच वापरला तर फारसं बिघडत नाही, भरलेला तासन् तास गरम जागी पडून राहणं महागात पडतं.

पुढची मोठी नोंद 25 व्या महिन्याची, वर्गमूळ 5. जुन्या रेघेप्रमाणे भावाचे 20 टक्के गेले पाहिजेत. आकडा 17 च्या आत राहिला, तर सावलीचा फायदा मोजणीच्या चुकीपेक्षा मोठा आहे असं मी म्हणेन. तोपर्यंत दर रविवारी दोघांचं `temperature` दुपारी दोन वाजताही घेतो आहे.