मीठ पळय गो

“तुमच्या कादंबरीतली वयनी एकदाही बंड करत नाही. मग तिचं बदललं तरी काय?”

पंचवीसहून जास्त वर्षं झाली. मडगावात, म्हापशात, फोंड्यात, जिथे म्हणून या पुस्तकावर बोलायला गेले तिथे कुणी ना कुणी हे विचारलंच. दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून खाली बसत आले. ती दोन वाक्यं पुरी खरी नव्हती, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा हरिभाऊ आपट्यांची यमू असते. यमूचं केशवपन लिहिलं जायला हवं होतं, त्या काळात ते लिहिणं हीच लढाई होती. माझी वयनी विधवा होते ती 1958 साली. तोवर आमच्यासारख्या घरांतून वस्तरा गेलेला होता. केस राहिले, लाल आलवण आलं नाही, कुणी अंगावर हात टाकला नाही. मागे जे उरलं ते इतकं लहान होतं की त्याची तक्रार करायला शब्द नव्हता. “मला आज फुलं आली नाहीत,” हे बाईने कुणाकडे जाऊन सांगावं?

फुलांचंच आधी सांगते. घरी फुलंवाली यायची आणि बायकांच्या संख्येइतक्या अबोलीच्या फाती, म्हणजे गुंफलेले गजरे, ठेवून जायची. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात सासू फातींच्या पैशांवरून तिच्याशी हुज्जत घालते आणि चार फातींचे पैसे मोजते. वाचकाला वाटतं, सासू चिकट आहे. पाचव्या प्रकरणात पुन्हा तीच हुज्जत आहे, फक्त फाती तीन आहेत. तिथे नवऱ्याच्या मृत्यूबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. तपशील पहिल्यांदा येतो तेव्हा तो दुसऱ्याच कशासाठी तरी आलेला असावा लागतो. पहिल्या खेपेलाच तो ‘विधवेची फुलं’ म्हणून आला की दुसऱ्या खेपेला वाचक तयारीत असतो आणि काहीच लागत नाही.

एक प्रसंग मी लिहून काढून टाकला. हळदीकुंकवाला धाकटी जाऊ वयनीच्या कपाळाला कुंकू लावते, असा. ज्यांना बंड हवं असतं त्यांना तो नक्की आवडला असता. तो खोटा होता हे मला एका गोष्टीवरून कळलं: त्यात खोलीतले सगळे वयनीकडे बघत होते. आमच्या घरात तिच्याकडे कुणी बघत नसे. तिचं स्थान कशात होतं तर नेमकं त्यात.

आता मीठ. ज्या काकीवरून मी वयनी घेतली तिला नवरा गेल्यावर नुस्तं, म्हणजे मासळी, बंद झालं. सारस्वत घरात ही छोटी गोष्ट नाही, दुपारचं जेवण म्हणजेच हुमण, मासळीची आमटी, आणि भात. काही घरांत अशा बाईला मासळीला हातही लावू देत नसत. आमच्याकडे तेवढं परवडणारं नव्हतं, कारण हात तिचाच चांगला होता. नारळ ती वाटायची, आमसुलाची सोलं ती घालायची, सुंगटं म्हणजे कोळंबी ती सोलायची, आणि आपल्यापुरतं मुगाचं किंवा भाजीचं काहीतरी वेगळ्या लहान भांड्यात करून घ्यायची. हुमणाला कढ आला की ती मला हाक मारायची, “मीठ पळय गो,” मीठ बघ गं. मी आठ वर्षांची. दवलीतला, करवंटीच्या डावातला, रस ती माझ्या तळहातावर टाकायची, मी चाटायची आणि सांगायची, पुरे किंवा थोडं हवं. मला त्याचा अभिमान होता. घराच्या मिठाची जबाबदारी माझ्यावर आहे असं मी शाळेत सांगायची.

कादंबरीचा कणा मी याच्यावर उभा केला. पहिल्या अर्ध्या भागात वयनी जवळजवळ कुठल्याच वाक्याची कर्ता नाही. तिला वाढलं, तिला बोलावलं, तिला सांगितलं. जे ती करते तेही बिनकर्त्याचं: हुमण झालं, केर निघाला, समया घासून झाल्या. मग 1974 साली दीर वाटण्या करायला बसतात आणि तिच्या सहीवाचून अडतं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की आमच्याकडे 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता 1961नंतरही चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिच्यात नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि दोघांची निम्मी-निम्मी मानतात. नवरा गेल्यावर बायकोचं निम्मं तिला वारसाने मिळत नाही. ते आधीपासून तिचंच असतं. म्हणजे नवऱ्याच्या वाट्याला जे कुळागर आणि जे घर येत होतं त्याच्या निम्म्याची मालकीण सोळा वर्षं मागच्या दारच्या पायरीवर बसून सगळ्यांच्या मागून जेवत होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

सहीच्या दिवशी सालातली, म्हणजे दिवाणखान्यातली, एक खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी आणली जाते आणि वयनीला बसायला सांगतात. ती टोकावर बसते, सही करते. माणसं गेल्यावर खुर्ची परत न्यायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वयनी तिच्यावर सोलांनी भरलेलं सूप ठेवते. ‘ठेवते’. त्या पानापासून ती कर्ता होते. शेवटच्या प्रकरणात हुमणाला कढ येतो, पोर अंगणात असते, दीर दारात उभा असतो, आणि वयनी दवली तोंडाशी नेऊन पहिल्यांदा चाखते. कुणी काही बोलत नाही. तिथे पुस्तक संपतं.

हे मी मनाने रचलेलं नव्हतं. सह्या झाल्यानंतर, मी माहेरी आले असताना, काकीला सगळ्यांसमोर दवलीतून चाखताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्यासाठी ते इतकं मोठं होतं की चोवीस वर्षं मनात धरून ठेवून मी त्याची कादंबरी केली.

पुस्तक 1998च्या पावसाळ्यात आलं. काकी तेव्हा 67 वर्षांची होती आणि मुलीकडे राहायची. मी पहिली प्रत तिला दिली आणि तिथेच राहिले. ती भिंग घेऊन दुपारची वाचायची. चार दुपारी गेल्या. त्या चार दिवसांत मला नीट झोप लागली नाही. तिचं खाजगी आयुष्य मी चव्हाट्यावर आणलं म्हणून ती रागावेल, अशी भीती होती, आणि त्यावर काय बोलायचं याची मी तयारी करून ठेवली होती. पाचव्या दिवशी ती तायकिळ्याची पानं खुडत बसली होती. मी शेजारी बसले. आम्ही घरात कोंकणीच बोलायचो, तेव्हा तिचे शब्द मराठीत आणताना थोडे कोरडे होतील.

“मिठाचं चुकलं तुझं,” ती म्हणाली.

मला वाटलं, छापण्यात काहीतरी राहिलं.

“मी चाखायची.”

“कधी?”

“रोज. वर्षश्राद्धाच्या आधीपासून. दवलीला बोट लावायचं आणि जिभेला. सोळा वर्षं न चाखता सुंगटाचं हुमण कुणाला जमेल? तुला स्वयंपाक येत नाही का?”

मी विचारलं, “मग मला कशाला हाक मारायचीस?”

“दारात कुणी असलं तर मारायची. तू चाखलंस की सगळी तुझ्या तोंडाकडे बघायची. माझ्याकडे कोण बघणार होतं?”

पुढे बराच वेळ ती देठ आणि पानं वेगळी करत राहिली. मग म्हणाली, “इतकी गुणाची करून ठेवलीस मला.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, मी तयारी केलेली उत्तरं दिली असती. तिच्या दुःखाला मी हात घातला याचं तिला काही वाटलं नव्हतं. तिने सोळा वर्षं नियम पाळला असं मी जगाला सांगितलं, याचं वाटलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या तळहातावर तो गरम रस पडायचा तेव्हा मी तिचा आडोसा होते, आणि मोठी झाल्यावरही मला ते दिसलं नव्हतं. तिच्या घरातलं सगळं बारकाईने बघणारी म्हणून मी स्वतःला ओळखत होते.

पुण्याच्या एका वाचकाने विचारलं होतं, तेव्हा मी उत्तर दिलं होतं की माझी वयनी सोसते आणि तिच्या सोसण्यातच ताकद आहे. ते वाक्य मी परत घेते. ज्या बाईवरून वयनी आली ती सोसत बसली नव्हती.

पण पुस्तक चुकलं असंही मी मानत नाही. बाई एकटी असताना काय करते यावर तिचं घरातलं स्थान ठरत नाही. दुसऱ्यांच्या देखत तिला काय करता येतं यावर ठरतं. काकीच्या जिभेला मीठ 1958 सालीच लागलं होतं, दिराच्या समोर लागायला 1974 उजाडलं आणि मध्ये एक सही लागली. मी लिहिलं ते दुसरं. दिराला दिसलं ते, मला दिसलं ते. फातींचा हिशेबही तसाच: तिने परड्यातून अबोली खुडून कधी केसांत माळून पाहिली का, मी तिला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता ती नाही.

तिची बाजू घेऊन मीच माझ्याशी भांडते ते असं. पहिल्या अर्ध्या भागात वयनीला कर्ता न करण्याची जी युक्ती मला इतकी आवडली, तिने नेमकं काय केलं? घरातली माणसं जसं तिच्याकडे बघत नव्हती तसंच माझं व्याकरणही तिच्याकडे बघेनासं झालं. ‘हुमण झालं’ हे वाक्य सासूच्या तोंडी शोभतं. माझ्या लेखणीत ते तसंच उतरलं तेव्हा मी सासूच्या बाजूला उभी होते का? कधी वाटतं, वाचकाला ते स्थान आतून कळायचं तर तेच वाक्य हवं. कधी वाटतं, एका वाक्यात का होईना, बोट दवलीला लागताना दाखवायला हवं होतं, पोराला न कळेल पण वाचकाला कळेल असं. तेवढं मला जमलं असतं. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं कारण मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांनी विचारलं, काही बदलायचं आहे का. शेवटच्या पानावरचा ‘पहिल्यांदा’ एवढा एकच शब्द मी खोडला. मुद्रितं परत पाठवायच्या आदल्या रात्री तो पुन्हा घातला, कारण त्याच्याविना ते पान नुसतंच स्वयंपाकाचं वाटायला लागलं. तिसऱ्या आवृत्तीलाही तेच झालं. बाजारात मिळणाऱ्या प्रतीत तो शब्द आहे. माझ्या टेबलावरच्या प्रतीत त्याच्यावर पेन्सिलीची रेघ आहे.