कराराच्या 38 पानांतून 17 ओळी काढताना

आमची कंपनी पुण्यात आहे. जर्मनीतल्या एका कारखानदार कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे पगार, रजा आणि आजारपणाच्या दाखल्यांचा हिशेब आम्ही ठेवतो. म्हणजे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी असलेल्या युरोपच्या जीडीपीआर कायद्याच्या भाषेत ती कंपनी कंट्रोलर, म्हणजे डेटाचं काय करायचं ते ठरवणारी, आणि आम्ही प्रोसेसर, म्हणजे तिच्या वतीने तो हाताळणारे. गेल्या वर्षी करार नव्याने झाला तेव्हा आमच्या प्रायव्हसी ऑफिसर मॅडमनी मला सांगितलं, "डेटा कुणाला द्यायचा, किती दिवस ठेवायचा आणि फुटला तर कुणाला कधी कळवायचं, या तिन्हींची जबाबदाऱ्यांची यादी काढून दे." मी कॉन्ट्रॅक्ट विभागात सहा वर्षं आहे. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

पहिल्या खेपेला मी करारात जिथे जिथे 'प्रोसेसरने करावे' असं होतं, ती सगळी वाक्यं उचलून एक्सेलमध्ये टाकली. 61 ओळी झाल्या. मॅडमनी शीट उघडली, ब्रीचच्या, म्हणजे डेटा फुटण्याच्या, भागावर आल्या आणि विचारलं, "शनिवारी रात्री मला फोन आला, तर यातली कुठली ओळ वाचू? घड्याळ कधी सुरू झालं, ते यात कुठे लिहिलंय?" ते कुठेच नव्हतं. मी कराराची वाक्यं उतरवली होती, जबाबदाऱ्या उतरवल्या नव्हत्या.

दुसऱ्या खेपेला शीटचे रकाने बदलले. काय करायचं, कशामुळे करायची वेळ येते, मुदत कधीपासून मोजायची, कुणाला आणि कुठल्या मार्गाने, आमच्याकडे ते कोण करणार, आणि केल्याचा पुरावा काय. रकाना रिकामा राहिला तर तो करारात शोधायचा, आणि तिथेही नसेल तर तसं लाल अक्षरात लिहायचं. वाचायचा क्रमही बदलला. आधी व्याख्या, मग परस्परविरोध असेल तर कुठला कागद वरचढ हे सांगणारा क्लॉज, मग परिशिष्टं, आणि मुख्य मजकूर सर्वांत शेवटी.

याचा फायदा ब्रीचच्या ओळीत लगेच दिसला. मुख्य मजकुरात लिहिलं होतं की डेटा फुटल्याचं कळल्यापासून 48 तासांत ग्राहकाला कळवावं. पहिल्या यादीत मी तेच लिहिलं होतं. सुरक्षेच्या परिशिष्टात मात्र 24 तास होते, आणि तेही नुसता संशय आला तरी. वरचढपणाचा क्रम असा होता: आधी युरोपबाहेर डेटा पाठवताना वापरायची युरोपियन कमिशनची 2021 ची प्रमाणित कलमं, मग परिशिष्टं, मग मुख्य मजकूर. प्रमाणित कलमांत आकडा नाही, फक्त 'विनाकारण उशीर न करता' एवढंच आहे, त्यामुळे तिथे विरोध नव्हता. परिशिष्ट मुख्य मजकुराच्या वर, म्हणून आमची खरी मुदत 24 तास.

पण 24 तास कधीपासून? व्याख्यांच्या पानावर 'कळणे' या शब्दाचा अर्थ दिला होता: प्रोसेसरच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला किंवा त्याने पुढे काम दिलेल्या कंपनीला, म्हणजे सब-प्रोसेसरला, माहिती मिळणे. हे वाक्य मी पहिल्या वाचनात ओलांडून गेले होते. आता आमच्या तिकिटांच्या सॉफ्टवेअरचा करार काढला. पगाराबद्दल तक्रार आली की कर्मचारी त्यात पगारपत्रकाचा फोटो जोडतात, म्हणून तो पुरवठादार आमचा सब-प्रोसेसर. त्याने आम्हाला कळवायची मुदत होती 72 तास.

मी मॅडमसमोर कागदावर हिशेब मांडला. समजा पुरवठादाराला गुरुवारी सकाळी दहाला कळलं. त्याने आम्हाला शनिवारी संध्याकाळी सातला मेल केला, म्हणजे 57 तासांनी. तो त्याच्या मुदतीत आहे. आम्ही तासाभरात जर्मनीला कळवलं. तरीही आमच्या करारानुसार आमचं घड्याळ गुरुवारी दहालाच सुरू झालं होतं आणि मुदत शुक्रवारी सकाळी दहाला संपली होती. आम्हाला काही कळायच्या आधीच 33 तास करारभंग होऊन गेलेला. मॅडम बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आज कळलं ते बरं झालं."

दुरुस्ती मागताना कायद्यातली एक बारीक गोष्ट उपयोगी पडली. जीडीपीआरच्या कलम 33 प्रमाणे कंट्रोलरने नियामकाला 72 तासांत कळवायचं असतं, आणि युरोपियन डेटा प्रोटेक्शन बोर्डाच्या मार्गदर्शनानुसार ते 72 तास प्रोसेसरने कंट्रोलरला सांगितल्यापासून धरले जातात. म्हणजे 'कळणे'च्या व्याख्येतून सब-प्रोसेसर काढला तरी ग्राहकाचे 72 तास कमी होत नाहीत. त्यांची खरी चिंता माहिती उशिरा येण्याची होती, आणि तिच्यावरचा उपाय व्याख्येत नसून आमच्या पुरवठादाराच्या करारात होता. हे मी पत्रात तसंच मांडलं.

ब्रीचच्या त्याच ओळीत अजून दोन गोष्टी भरायला वेळ लागला. कळवायचं कसं? डेटा कराराला नोटिशीचा स्वतःचा क्लॉजच नव्हता, आणि मूळ सेवा करारात नोटीस कुरियरने नोंदणीकृत पत्त्यावर, तिसऱ्या कामाच्या दिवशी पोचली असं धरायचं. 24 तासांच्या मुदतीला हा मार्ग निरुपयोगी. एका परिशिष्टात त्यांच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याचा ईमेल होता, पण तो 'संपर्कासाठी' म्हणून, नोटिशीसाठी म्हणून नाही. तिथे मी लाल अक्षरात प्रश्न लिहिला. आणि वेळ कुठली? जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. शीटमध्ये सगळ्या वेळा भारतीय वेळेने आणि शेजारी यूटीसीने नोंदवायच्या असं ठरवलं. शिवाय मुदत तासांत आहे, कामाच्या दिवसांत नाही, म्हणून रविवारही मोजायचा. हे मी ठळक अक्षरात टाकलं, कारण आमच्याकडे सवयीने सोमवारची वाट पाहिली जाते.

मग मॅडमनी विचारलं, "आणि आपल्या इथल्या सरकारला?" आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात बाहेरदेशच्या लोकांचा डेटा बाहेरच्या कंपनीशी करार करून इथे हाताळला, तर बऱ्याच कलमांतून सूट आहे. ब्रीच कळवायचं कलम त्या सुटीत येतं, सुरक्षेची वाजवी काळजी घ्यायचं येत नाही. पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश वेगळे आहेत. ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. म्हणजे जर्मनीच्या 24 तासांच्या कितीतरी आधी. आणि आमच्या करारात होतं की घटनेची माहिती कुठल्याही तिसऱ्या पक्षाला, सरकारी असला तरी, ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय द्यायची नाही. रात्री अकराला घटना, जर्मनीत ऑफिस सुटलेलं, सहा तास चालू. कुणाची संमती आणायची? सुदैवाने गोपनीयतेच्या क्लॉजमध्ये, बारा पानं पुढे, कायद्याने बंधनकारक असेल तर आधी सूचना देऊन माहिती देता येईल असा अपवाद सापडला. सूचना पुरेशी, संमती नको. तेव्हापासून ही ओळ शीटमध्ये ब्रीच आणि डेटा देणे या दोन्ही भागांत आहे. ती एकाच ठिकाणी ठेवली, तर दुसऱ्या भागात शोधणाऱ्याला सापडणार नाही.

डेटा देण्याच्या बाकी ओळी तुलनेने सरळ होत्या. नवा सब-प्रोसेसर आणायचा तर 30 दिवस आधी कळवायचं, ग्राहकाला हरकत घ्यायला 14 दिवस. आमच्या परिशिष्टात तीन सब-प्रोसेसर होते. ती यादी खरी आहे का हे पाहायला मी तांत्रिक विभागाला विचारण्याआधी अकाउंट्सकडे गेले आणि वर्षभरात ज्यांना बिलं दिली त्या सॉफ्टवेअर कंपन्यांची नावं मागितली. त्यात चौथं नाव निघालं, ॲप बंद पडलं की त्याचा अहवाल गोळा करणारी सेवा. त्या अहवालात कर्मचाऱ्याचा लॉगिन ईमेल जात होता. विकासकांनी दोन दिवसांत ईमेल काढून टाकला, आणि तोवर जे गेलं होतं ते आम्ही ग्राहकाला लेखी कळवलं. असं शोधायचं तर बिलांची यादीच धरावी. लोक विसरतात, पैसे भरलेले असतात.

सर्वांत जास्त वेळ डेटा ठेवण्याच्या भागाने घेतला. करार संपल्यावर ग्राहक सांगेल त्याप्रमाणे डेटा परत करायचा किंवा नष्ट करायचा, 30 दिवसांत, सर्व प्रतींसह, आणि तसं प्रमाणपत्र द्यायचं. 'सर्व प्रतीं'वर मी अडकले. आमचे रोजचे बॅकअप 35 दिवस राहतात. चालू डेटाबेसमधून पहिल्याच दिवशी सगळं पुसलं, तरी आदल्या रात्रीचा बॅकअप 30 व्या दिवशी जिवंत असतो. म्हणजे प्रमाणपत्रावर सही करणारा माणूस, कितीही प्रामाणिक असला तरी, खोटं लिहून देणार. आणि ग्राहक परत की नष्ट हे ठरवायला दहा दिवस घेणार असेल, तर फरक आणखी वाढतो. इन्फ्रा विभागाने या ग्राहकाचे बॅकअप वेगळे करून 14 दिवसांवर आणले. शीटमध्ये लिहिलं: चालू डेटा उशिरात उशिरा 15 व्या दिवशी पुसायचा, म्हणजे 14 दिवसांचा शेवटचा बॅकअप 29 व्या दिवसापर्यंत जातो.

लॉगचा प्रश्न वेगळा होता. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग 180 दिवस ठेवायचे. आमच्या लॉगमध्ये युजर आयडी आणि आयपी पत्ता असतो, म्हणजे वैयक्तिक डेटाच. आणि जीडीपीआरच्या कलम 28 मध्ये डेटा नष्ट न करण्याचा अपवाद फक्त युरोपियन युनियनच्या किंवा त्यातल्या सदस्य देशाच्या कायद्यासाठी आहे. आपल्या निर्देशांचा त्यात समावेश नाही. आमच्या करारात हेच वाक्य जसंच्या तसं होतं. तोड प्रमाणित कलमांत मिळाली. कंट्रोलरकडून प्रोसेसरकडे डेटा जातो त्या मॉड्यूलच्या 8.5 या कलमात, डेटा घेणाऱ्याच्या देशातला कायदा नष्ट करायला मनाई करत असेल, तर तेवढाच भाग, तेवढाच काळ, त्याच संरक्षणाखाली ठेवता येतो. आणि प्रमाणित कलमं वरचढ आहेत हे आधीच पाहिलं होतं. तेव्हा शीटमध्ये लॉगची स्वतंत्र ओळ झाली: 180 दिवस, दोनच माणसांना प्रवेश, 181 व्या दिवशी आपोआप पुसणं, आणि नष्ट केल्याच्या प्रमाणपत्रात हा अपवाद नावानिशी. मॅडमनी ती ओळ वाचून प्रमाणपत्राचा नमुनाही त्याच दिवशी बदलून घेतला.

61 च्या 17 ओळी झाल्या. कमी झाल्या त्या बहुतेक एकाच कामाची तीन ठिकाणी केलेली पुनरुक्ती होती.

ग्राहकाशी बोलणी तीन आठवडे चालली. नोटिशीचा ईमेल त्यांनी लगेच मान्य केला. 'कळणे'च्या व्याख्येतून सब-प्रोसेसर काढायला ते तयार झाले, पण एका अटीवर: तिकिटांच्या पुरवठादाराने आम्हाला 24 तासांत कळवलं पाहिजे. पुरवठादार 48 च्या खाली यायला तयार नाही. त्याचा करार मार्चमध्ये नूतनीकरणाला येतो. तोपर्यंत ती ओळ शीटमध्ये पिवळी आहे, आणि पगारपत्रकाचे फोटो तिकिटाला जोडायची सोय आम्ही बंद केली आहे.