गळ्यातली तुळस आणि गळ्यातला रुद्राक्ष

नीरा ओलांडून पाडेगावात पाऊल पडलं की माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते. आमची दिंडी खटावकडची, त्यामुळं आम्ही लोणंदला सोहळ्यात मिळतो. आमच्या पट्ट्यात बहुतेकांचं कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. चैत्रात शिंगणापूरची यात्रा आणि आषाढात पंढरीची वारी, असं घरोघरी चालत आलंय. म्हणून दिंडीत पुष्कळांच्या गळ्यात दोन माळा दिसतात, एक तुळशीची आणि एक रुद्राक्षाची. कुठली माळ कधी काढायची, काढायची की नाही, यावर दरवर्षी कुठल्यातरी मुक्कामी बोलणं निघतंच. यंदा वाटेत दोन गोष्टी अशा घडल्या की हे सगळं डोळ्यांसमोर बघायला मिळालं.

पहिली घडली चांदोबाच्या लिंबाला. वारीतलं पहिलं उभं रिंगण तिथं होतं. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळी गर्दी खाली वाकते. त्या रेटारेटीत आमच्यातल्या अक्कांच्या माळेत कुणाच्या तरी पिशवीचा बंद अडकला आणि माळ तुटली. मणी चिखलात उडाले. अक्का तिथंच बसून एकेक मणी पदरात गोळा करायला लागल्या. मी पाण्याची बाटली पुढं केली तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. माळकऱ्याचा गळा मोकळा असेल तर तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा नेम त्यांनी आयुष्यभर पाळलेला.

दिंडीचालक आप्पा मागून आले. त्यांनी आपल्या पिशवीतून जादाची एक लहान माळ काढली आणि अक्कांच्या गळ्यात घातली. "आधी हे पाणी प्या. दोरा तुटलाय अक्का, नेम तुटला न्हाई," एवढंच म्हणाले.

आप्पांच्या या वाक्यातच तुळशीच्या माळेचं सगळं आलं. ही माळ दुकानातून आणली आणि घातली, अशी नसते. फडावरच्या महाराजांच्या हातून ती घ्यायची. आधी माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात, मग गळ्यात घालतात आणि घालताना शब्द घेतात: मांस-मद्य नाही, परस्त्री आईसारखी, एकादशी करायची, हरिपाठ म्हणायचा, वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी करायची. माळ म्हणजे त्या दिल्या शब्दाची खूण. म्हणून ती आंघोळीला काढत नाहीत, झोपताना काढत नाहीत, शौचाला जाताना काढत नाहीत. माळकरी गेला तर तीही त्याच्याबरोबरच जाते. शब्द मोडला, म्हणजे कुणी मटण खाल्लं किंवा दारू घेतली, तर मात्र नुसता नवा दोरा ओवून चालत नाही. महाराजांकडं जाऊन माळ पुन्हा घ्यावी लागते.

बायकांच्या राहुटीत नव्यानं आलेल्या पोरी हळूच विचारतात, की पाळीच्या दिवसांत काय करायचं? अक्कांचं उत्तर ठरलेलं आहे, माळ गळ्यातच ठेवायची आणि चालायचं. महिन्यातून चार दिवस काढून ठेवायची असती तर बायकांना माळ दिलीच नसती, असं त्या ठामपणे सांगतात. मलाही ते शंभर टक्के पटतं.

तरडगावला मुक्कामी आप्पांनी माळ ओवायला घेतली. गोळा झालेल्यांतले धड मणी मोजले तर एकशे एक भरले. सात गेले होते, मेरुमणी सापडला होता. मणी त्यांनी साध्या पाण्यात नुसते बुचकळून चिखल काढला आणि लगेच पंचावर पसरले. तुळशीचं लाकूड हलकं, पाणी चटकन पितं. भिजत घातलं तर मणी फुगतो, छिद्र आवळतं, आणि मग उन्हात टाकला की तडकतो. म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचं आणि सावलीत वाऱ्यावर वाळवायचं, एवढीच तुळशीची निगा. साबण नको, कारण तो छिद्रात बसतो आणि गळ्याला खाज सुटते. तेलही नको, कारण तेलावर रस्त्याची धूळ आणि बुक्का यांचा थर धरतो. वारीत टँकरखाली आंघोळ करताना साबण लागतोच. तेव्हा शेवटचे दोन तांबे माळेवरून सोडायचे आणि माळ कोरड्या टॉवेलनं टिपून घ्यायची.

मणी वाळल्यावर आप्पांनी सुती दोरा घेतला, माळेच्या लांबीच्या तिप्पट. तो दुहेरी केला, त्यावरून मेणबत्ती फिरवली. जादाच्या मण्यांतले सात घालून एकशे आठ पुरे केले. मग दोन्ही टोकं मेरुमण्यातून एकत्र बाहेर काढली आणि गाठ मारायच्या आधी माळ दोन्ही हातांनी ताणून बघितली. एक मणी मावेल एवढी ढील त्यांनी मुद्दाम ठेवली. "घट्ट वोवली की पावसात मणी फुगत्यात आन् दोऱ्यालाच कापत्यात," ते म्हणाले. माळ बहुधा मेरुमण्याजवळच तुटते, कारण गाठ तिथं आणि घासही तिथंच. तिथला दोरा काळा पडला असेल, त्याला लव सुटली असेल, किंवा मण्यांच्या मधे बोट शिरण्याइतकी फट दिसत असेल, तर ती माळ तुटायला आलीय असं समजावं. असा दोरा घरून निघायच्या आधीच बदलावा. तोही गळ्यात दुसरी माळ घालून मगच.

तारेत ओवलेली माळ आप्पा कुणाला घेऊ देत नाहीत. तार मानेला लागते, हे एक. दुसरं म्हणजे दवाखान्यात एमआरआय करायची वेळ आली की धातू अंगावर चालत नाही आणि माळ उतरवावीच लागते. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी काढायला सांगितली तर काढावी, त्यात हट्ट करू नये. तेव्हा पोट रिकामंच असतं. शुद्धीवर आल्यावर घरच्यांनी आधी माळ घालावी, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पाणी पाजावं.

दुसरी गोष्ट त्याच रात्री घडली. हरिपाठ होऊन पंगत बसायच्या आधी तात्यांना गावाकडून फोन आला, त्यांचे चुलतभाऊ गेले होते. तात्या भावकीतले वडीलधारे, त्यामुळं मातीला जाणं भाग होतं. त्यांच्या गळ्यात दोन्ही माळा. फोन ठेवून त्यांनी पिशवी भरली आणि आप्पांसमोर येऊन उभे राहिले. "आता सुतक लागलं. या दोन्ही उतरवून जाऊ का?"

आप्पांनी त्यांना उलट विचारलं, "तात्या, रुद्राक्ष तुमच्या गळ्यात कसा आला?"

तात्यांच्या थोरल्या भावानं तो शिंगणापूरच्या यात्रेतून आणला होता, घरच्या देव्हाऱ्यात अभिषेक करून तात्यांनी तो घातला होता. दीक्षा नाही, कुणाला दिलेला शब्द नाही. आप्पा म्हणाले, "मग तो घरच्या देवासारखाच पाळायचा. सुतकात आपण देवाला शिवत न्हाई, तसा तो काढून ठेवायचा. तुळशीला हात लावू नका, तिला सुतक न्हाई."

आमच्याकडं रुद्राक्षाची रीत बहुतेक घरांत अशीच आहे. मयताला जाताना, बाळंतिणीच्या घरी सोयरात, शौचाला जाताना आणि रात्री निजताना तो उतरवतात. उतरवलेला रुद्राक्ष खिशात किंवा खुंटीला ठेवत नाहीत, स्वच्छ फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवतात. सकाळी आंघोळ झाली की ॐ नमः शिवाय म्हणून पुन्हा घालतात. रुद्राक्ष घालणाऱ्यानं मद्य, मांस, कांदा, लसूण वर्ज्य करावं, असं शिवपुराणात सांगितलंय. माळकऱ्याचं मद्य-मांस आधीच सुटलेलं असतं. कांदा-लसणाचं मात्र आमच्याकडं फार थोडे लोक पाळतात.

पण हा नियम सगळ्यांना सारखा लागत नाही. आमच्याबरोबर सांगलीकडचे एक लिंगायत काका चालतात. ते तिथंच बसले होते. त्यांच्यात रुद्राक्ष हा अष्टावरणातला एक, गुरू, लिंग, विभूती यांच्या जोडीचा. दीक्षेत मिळालेला. वीरशैवांत सुतक मानतच नाहीत, त्यामुळं त्यांच्या गळ्यातला रुद्राक्ष मयतालाही उतरत नाही. म्हणजे मणी एकच, पण तात्यांनी तो काढायचा आणि काकांनी नाही काढायचा. आप्पांनी आधी "कसा आला" हे का विचारलं ते मला तेव्हा उमगलं. माळ काढायची की नाही हे लाकूड किंवा बी बघून ठरत नाही, ती कोणत्या बोलीवर गळ्यात आली यावर ठरतं. तुळशीची माळसुद्धा कुणी नुसती हौसेनं घातली असेल, नेम घेतलेला नसेल, तर तिला माळकऱ्याचे नियम लावून त्या माणसाला घाबरवण्यात अर्थ नाही.

तात्यांनी रुद्राक्ष उतरवला तेव्हा त्याच्या खाचांत बुक्का आणि घाम मिळून काळा चिकट थर बसलेला दिसला. काकांनी तो हातात घेऊन उजेडात फिरवून बघितला. एका मण्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, बोटानं टोकरलं तर बारीक भुकटी पडली. कीड लागलेला, फुटलेला मणी ठेवू नये असं शास्त्रही सांगतं. तो बदलायला त्यांनी सांगितलं. बाकीचे मणी कसे साफ करायचे तेही समजावलं: कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि ब्रश खाचेच्या दिशेनंच फिरवायचा. उकळतं पाणी आणि साबण लावला की मणी कोरडा पडून मुखाच्या रेषेवर उकलतो. पुरता सुकल्यावर ब्रशनंच तिळाच्या तेलाचा पुसट हात द्यायचा, रात्रभर राहू द्यायचं आणि सकाळी जास्तीचं तेल पुसायचं. असं दोन-तीन महिन्यांतून एकदा केलं तरी पुरतं. पाण्याला लाल-तपकिरी रंग सुटत राहिला तर मणी रंगवलेले आहेत असा संशय घ्यावा.

तात्या रात्रीच जीपनं गेले. माती झाली, तिसऱ्या दिवशी सावडणं झालं आणि ते नातेपुत्याला परत दिंडीत आले. गळ्यात एकटी तुळस होती. सुतकात वारी चालावी की नाही यावर फडाफडांत मतं वेगळी आहेत. आमच्या दिंडीत चालतात, पण पादुकांना हात लावत नाहीत आणि स्वयंपाकात शिरत नाहीत. तात्या त्याप्रमाणं पंगतीच्या कडेला बसायचे, भजनात मात्र पुढं उभे असायचे. रुद्राक्ष त्यांनी गावातच कोरड्या फडक्यात बांधून ठेवला होता. दहावा झाला की सुनेनं तो कोमट पाण्यानं धुवायचा आणि किडका मणी बाजूला काढायचा. तात्या वारीहून घरी पोचले की नवा मणी घालून महादेवाच्या पिंडीवर ठेवतील आणि मग घालतील, असं ठरलं.

अक्कांच्या जुन्या माळेचा चिखलातला दोरा आप्पांनी पिशवीतच ठेवला होता. त्यात नायलॉनचा धागा होता, म्हणून तो नदीत सोडायला त्यांनी नकार दिला. वापरातून गेलेले मणी तुळशीवृंदावनाच्या मातीत घालावेत, लाकूड मातीत मिसळतं. धागा आधी वेगळा काढावा. दोन तडकलेले मणी अक्कांनी पदराच्या गाठीत बांधून ठेवलेत, घरच्या वृंदावनासाठी.