घरटी एक कळशी

२०१५ साली चतुर्थी नेमकी १७ सप्टेंबरला आली होती, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनालाच. आमच्या लातूरच्या गल्लीतली लेकरं शाळेतून झेंडावंदन करून आली आणि गणवेशातच मूर्ती आणायला पळाली. मूर्ती त्या वर्षी दीड फुटाची, शाडूची. विहिरीचा तळ दिसत होता, त्यामुळे विसर्जन कुठं करायचं हे ठरवूनच मापाची मूर्ती सांगितली होती.

बाकी दहा दिवस नेहमीसारखे. दोन वेळची आरती, रात्री भजन नाहीतर लेकरांचे नाच. मधले तीन दिवस महालक्ष्म्यांचे, तेव्हा मंडपात कार्यक्रम ठेवायचा नाही. एकदा पूजनाच्या संध्याकाळी आम्ही नाटुकलं ठेवलं, तर समोर चार आजोबा आणि एक कुत्रं! बायका सगळ्या सोळा भाज्यांत.

एरवी विसर्जनाला ट्रॅक्टर असायचा. ट्रॉलीत वाळूची पोती, त्यांत मूर्ती घट्ट बसवायची, आणि पुढं एक जण बेळक्याचा बांबू घेऊन केबलच्या तारा उचलत चालायचा. त्या वर्षी तो बांबू मंडपामागं पडून राहिला. चौकात दोनशे लिटरचा ड्रम ठेवला. मूर्ती बुडायला सव्वाशे लिटर तरी पाणी हवं होतं. टँकरचं पाणी देवाला घालायचं का, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "घरटी एक कळशी टाका की. त्यात काय एवढं?"

अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली, हातावर दही ठेवलं. मग अकरा घरच्या अकरा कळश्या. नळाला पाणी कधी येईल याची खात्री नव्हती, तरी एकही कळशी अर्धी नव्हती, हे मी मुद्दाम वाकून पाहिलं.

मूर्ती सावकाश सोडली. कोरडी शाडू पाणी पिते तेव्हा बुडबुडे येतात आणि मग माती पदरापदरानं सुटते. सकाळपर्यंत गाळ व्हायला हवा होता. झाला नाही. हात-पाय विरघळले होते, मुकुट मात्र तसाच. आमच्यातल्याच दोघा कलाकारांनी हौसेनं हार्डवेअरच्या दुकानातला सोनेरी ऑइलपेंट मारला होता! त्या पापुद्र्यातून पाणी आत जाईना. पाट्यावरची हळद पुसावी तसा मी तो बोटांनी हळूच सोलला, तेव्हा आतली माती भसकन खाली बसली. वर काथ्याचे धागे तरंगत राहिले.

पाणी निवळल्यावर वरचं लिंबाच्या बुडाशी ओतलं. गाळातली मूठभर माती एका काकूंनी तुळशीला नेली. त्या दोघा कलाकारांना पुढच्या वर्षी ब्रश द्यायचा नाही, असं त्याच ओल्या जागेवर उभं राहून ठरलं.