भाडेकरूची माहिती, पोलीस ठाण्याचा शिक्का

मुंबईतल्या नव्या फ्लॅटची भाडेकरू म्हणून माझी माहिती आज घरमालक काकांबरोबर बसून पोलिसांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरली. पोलीस आयुक्तांच्या आदेशानुसार ती कळवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, म्हणून अर्ज काकांच्या नावाने. फ्लॅटचा पत्ता, करारनाम्याच्या तारखा, माझा फोटो, आधार, नोकरीचा पत्ता हे पटापट झालं.

वेळ गेला तो दोन रकान्यांत. कायमचा पत्ता म्हणजे गावचा. मी आधीच्या भाड्याच्या खोलीचा सांगणार होते, पण आधारवर गावचाच आहे आणि दोन्ही जुळले पाहिजेत, हे काकांनी नेमकं पाहिलं. दुसरा रकाना ओळखणाऱ्या व्यक्तींचा. ऑफिसमधल्या ताईंना आणि मामाला आधी फोन करून विचारलं, मगच नंबर दिले. कुणाचाही नंबर न विचारता देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पोलीस ठाणे निवडताना फ्लॅट ज्या हद्दीत येतो तेच निवडायचं. जवळचं ठाणे दुसऱ्या हद्दीतलं असू शकतं. हद्द सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितली. सोसायटीला शिक्क्याची प्रत हवी होती, म्हणून प्रिंट, करारनामा आणि आधारची प्रत घेऊन ठाण्यात गेलो. हवालदार साहेबांनी मूळ आधार पाहून शिक्का दिला. एक प्रत काकांकडे, एक सोसायटीत, एक माझ्याकडे.