शेजारची चाळ, आमचा खड्डा आणि बादलीच्या तळाची वाळू

माहीमला पुनर्विकासाच्या एका साइटवर मी साइट इंजिनीअर होतो. दोन तळघरं, खोदाई साधारण साडेसात मीटर. प्लॉटच्या एका अंगाला तीन मीटरवर जुनी लोड बेअरिंग चाळ, पाया उथळ. जमीन किनारपट्टीच्या नेहमीच्या थाटाची: वर भराव, मग बारीक वाळू, खाली चिकणमाती, त्याखाली मुरूम आणि खडक. पाणी जमिनीखाली दीड मीटरवरच.

बाजू धरायला सहाशे मिलिमीटर व्यासाचे शोअर पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, एकमेकांना टेकवून, खडकात रुतवून टाकले होते. कागदावर ती सलग भिंत. पण पाइल कधीच अगदी ओळंब्यात उतरत नाही. पाइलसाठीच्या आपल्या आयएस २९११ या मानकातही दीड टक्क्यापर्यंतचा कल चालतो. शेजारचे दोन पाइल विरुद्ध बाजूंना तेवढेच कलले, तर पाच मीटर खाली प्रत्येकी साडेसात सेंटिमीटर सरकतात, म्हणजे मध्ये पंधरा सेंटिमीटरची फट. वरून बघणाऱ्याला मात्र भिंत छान दिसते.

आमच्याकडे पाइलना आतून आडवा टेकू देणारा पहिला स्ट्रट लागला, त्याला जॅकने दाब दिला आणि खोदाई पाच मीटरच्या आसपास पोचली. तेव्हा चाळीच्या बाजूला एका फटीतून पाणी यायला लागलं. धार फार मोठी नव्हती. ठेकेदाराचं म्हणणं, अजून एक पंप लावू. मला पाण्यापेक्षा त्याच्या रंगाची काळजी होती. फटीखाली बादली धरली, भरली आणि बाजूला ठेवून दिली. थोड्या वेळाने वरचं पाणी हलकेच ओतलं, तर तळाला बोटभर बारीक वाळू. ती वाळू चाळीखालून येत होती. स्वच्छ पाणी कितीही आलं तरी पंप ते फेकतो. वाळू येते तेव्हा पाइलमागे पोकळी होत असते आणि ती पोकळी पाया खचवूनच भरते.

त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंनी हाक मारली. "अहो साहेब, मोरीचं दार आजपासून घासतंय हो. पावसाळा तर नाही." खोदाईआधी आम्ही चाळीतल्या जुन्या तड्यांचे तारखेसकट फोटो काढून त्यांवर काचपट्ट्या चिकटवल्या होत्या, तडा हलला की पट्टी फुटते. मोरीशेजारची पट्टी फुटली होती. लेव्हल लावली तर त्या कोपऱ्याचा पॉइंट सहा मिलिमीटर खाली. पाच मिलिमीटरला काम थांबवायचं असं आधीच ठरलं होतं, त्यामुळे वाद घालायची वेळ आली नाही. अंगणात पहारीच्या दांड्याने फरशा ठोकत गेलो. शोअर पाइललगतच्या पट्ट्यात आवाज पोकळ येत होता.

कामगारांचा पहिला उत्साह म्हणजे सिमेंटची पोती कोंबून फट बंद करणं. सल्लागार सरांनी ते होऊ दिलं नाही. वाहत्या पाण्यात सिमेंट टिकत नाही आणि कसंबसं एक भोक बुजलं तरी पाणी दाब घेऊन पुढच्या फटीतून निघतं. आधी पाण्याला वाट द्यायची, वाळूला अडवायचं. म्हणून फटीवर पाणी सोडून वाळू अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर बारीक खडी, मग वाळूच्या गोण्यांचा टेकू, आणि मधून एक पाइप पाणी गोळा करायच्या खड्ड्यापर्यंत. पाइपाचं पाणी निवळ झाल्यावर फटीत फुगणारं पॉलियुरेथेन भरलं. मग अंगणातून भोकं पाडून पोकळीत सिमेंट आणि बेंटोनाइट मातीचा पातळ ग्राउट सोडला, तोही अगदी कमी दाबाने. दाब वाढवला तर खचलेली फरशी आणि तिच्याबरोबर भिंतही वर उचलली जाते. म्हणून ग्राउट चालू असेपर्यंत एक माणूस लेव्हलवरून हलला नाही.

अंगणात एक निरीक्षण बोअर होती. तिच्यातलं पाणी सत्तर सेंटिमीटर उतरलं होतं, ते ग्राउटनंतर जवळजवळ मूळ जागी आलं. हा आकडा माझ्या लेखी पंपांच्या संख्येपेक्षा मोलाचा. बाहेरचं पाणी एक मीटर उतरलं की खालच्या चिकणमातीवर चौरस मीटरला सुमारे एक टन जादा भार पडतो आणि ती माती सावकाश, महिनोन्‌महिने दबत राहते. म्हणजे वाळू न आणणारं पाणीही इमारत खचवू शकतं, फक्त उशिरा.

पुढची खोदाई छोट्या पट्ट्यांत केली. पट्टी उघडली की फटी साफ करून जाळी आणि त्यावर फवारलेलं काँक्रीट, म्हणजे शॉटक्रीट, मगच पुढची पट्टी. पंपांना जनरेटर, आणि पालिकेच्या गटारात सोडण्याआधी पाणी गाळटाकीतून. काकूंचं दार सुताराकडून रंधून दिलं, भिंतीचा तडा मात्र हालचाल थांबल्याची खात्री होईपर्यंत मुद्दाम बुजवला नाही.

राफ्ट, म्हणजे तळाचा जाड काँक्रीट स्लॅब, ओतून झाल्यावर मालकांना पंपांचं भाडं वाचवायचं होतं. तळाशी सहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला सहा टन वरचा रेटा, आणि मीटरभर जाडीच्या राफ्टचं वजन अडीच टन. उरलेलं वजन भिंती आणि वरचे स्लॅब देईपर्यंत पंप चालूच ठेवले.