तुम्ही विचारलंत म्हणून: तो चौदा आकडी नंबर

"ताई, पाकिटावर एफएसएसएआयचा नंबर आहे, मग बिनधास्त घ्यायचं ना?"

नाही. म्हणजे घ्या, पण बिनधास्त वगैरे नको, आणि माझ्या नावावर तर अजिबात नको. सोसायटीच्या ग्रुपवर "नंबर चेक करून दिला" म्हणून मला अजून टॅग करतात, जाऊबाई नातवाच्या वाढदिवसाच्या केकचा डबा उलटा करून फोटो पाठवतात.

एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षा बघणारं सरकारी प्राधिकरण, त्यांचा नंबर वाचता येतो, त्यात काही जादू नाही. पहिला आकडा 1 असेल तर लायसन्स, 2 असेल तर नुसतं रजिस्ट्रेशन, ते लहान धंद्यांना असतं, घरगुती चकलीवाली, वडापावची गाडी वगैरे. पुढचे दोन राज्याचे, आपलं महाराष्ट्राचं 15, आणि तिथे 00 असेल तर लायसन्स केंद्राचं. त्यापुढचे दोन आकडे ज्या वर्षी नंबर दिला त्या वर्षाचे. मग foscos.fssai.gov.in वर FBO Search मध्ये टाकायचा, नाव येतं, पत्ता येतो, चालू असेल तर Active दिसतं. मी इथवर करायचे आणि थांबायचे.

आता 2022 च्या गणपतीचं सांगते, कारण सगळे तेच आडून आडून विचारतात. पाचव्या दिवशी महाप्रसाद, पुरी भाजी घरची, श्रीखंड बाहेरून. दुकान कोणतं ते सांगत नाही. नंबर 11518 ने सुरू होणारा, म्हणजे लायसन्स, महाराष्ट्र, 2018. साइटवर Active. मी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "पूर्ण खात्री केली आहे." हे वाक्य मला आजही झोपेत आठवतं.

श्रीखंड साडेनऊला आलं, पांढऱ्या बादल्यांमध्ये, वर लेबल नाही, काही नाही. आरती लांबली, पंगत बसायला दीड वाजला, बादल्या मांडवातच टेबलाखाली. चार वाजता पहिली उलटी माझ्या सासूबाईंना. संध्याकाळपर्यंत अकरा जण, दोघांना सलाईन. डॉक्टर म्हणाले खाल्ल्यापासून दोन-तीन तासांत उलट्या म्हणजे जंतूंनी पदार्थात आधीच सोडलेलं विष असू शकतं, असं न शिजवलेल्या दुधाच्या पदार्थात होतं, कुणाचा तरी हात लागला आणि वर पदार्थ गरम जागी राहिला की. टेस्ट झाली नाही त्यामुळे "असू शकतं" एवढंच.

त्या रात्री मी परत साइट उघडली. नावाशेजारी View Products म्हणून असतं, तिथे मी आधी कधी दाबलंच नव्हतं. धंद्याचा प्रकार Retailer. म्हणजे विकण्याचं लायसन्स, तेही त्या दुकानाच्या पत्त्यावर, कारण लायसन्स जागेला मिळतं, मालकाला दहा जागा वापरायची मुभा नसते. मग श्रीखंड कुणी केलं, कुठे? मालक म्हणाला "आमच्या माणसाकडून येतं." त्या माणसाचा नंबर बादलीवर हवा होता, बादलीवर तर तारीखसुद्धा नव्हती. मी खात्री केली होती ती दुकानाच्या पाटीची, पदार्थाची नाहीच.

तक्रार केली. फोनवर पहिला प्रश्न, बिल आहे का? नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीपासून बिलावर हा नंबर छापणं सक्तीचं झालेलं, मला ते माहीत होतं, तरी रोख देऊन मोकळी झाले. दुसरा प्रश्न, उरलेलं श्रीखंड? ते आम्हीच घाबरून गटारात ओतलेलं. म्हणजे नंबरचा जो खरा उपयोग, माल कुणाचा हे पकडून मागे जाता येणं, त्याचेच दोन्ही धागे आम्ही तोडले.

तेव्हाची मी असते तर म्हणाले असते, अगं पण प्रकार आणि पत्ता बघितला असतास तर वाचले असते सगळे. खरंच? समजा बनवणाऱ्याचं लायसन्स होतं, सगळं जुळत होतं. लायसन्स देणारे त्या दिवशीची बादली चाखायला येत नाहीत, छोट्या रजिस्ट्रेशनला तर आधी जागा बघितलीच असेल असंही नाही. आणि मांडवातले ते चार तास? ते आमचे होते, दुकानाचे नाही. शेजारचे काका हे तोंडावर म्हणाले तेव्हा मी भांडले, अजूनही पूर्ण मान्य नाही, कारण बर्फ ठेवलेला होता थोडा. थोडाच.

सासूबाई बऱ्या झाल्या पण श्रीखंड सोडलं त्यांनी. मी अजून नंबर टाकून बघते, सवयच ती, पण आता आधी बघते की बनवणाऱ्याचा पत्ता आणि विकणाऱ्याचा पत्ता एकच आहे का, पाकिटावर दोन नावं असतील तर दोन्ही नंबर. केकचा फोटो पाठवलात तर हे एवढं सांगेन. खायचा की नाही ते नका विचारू.